माप बरोबर, कागद बरोबर, तरी शर्ट तंग: शिकाऊ मुलांची चूक कुठे पकडायची?

काजबटण

माझ्याकडे तीन जण शिकायला आहेत, दोन मुलं आणि एक मुलगी. चार महिने झाले. काज, तुरपाई, सरळ टीप, खिसा हे हाताला बसलंय, म्हणून गेल्या महिन्यापासून माप आणि कटिंग सुरू केलं. त्यातल्या मोठ्या मुलाने पहिला पूर्ण शर्ट केला. माप त्यानेच घेतलं, कागद त्यानेच आखला, कापलं आणि शिवलंही त्यानेच. अंगावर चढवला तर छातीवर बटणं ओढली जात होती आणि दोन बटणांच्या मध्ये पट्टी फाकत होती.

मापं अशी: छाती ३८, कंबर ३४, सीट ३९, उंची २९, शोल्डर साडेसतरा, बाही २४, गळा साडेपंधरा. मी स्वतः पुन्हा माप घेतलं, छाती ३८ च भरली. मग कागद काढून टेप लावला. छातीचा चौथा भाग साडेनऊ, त्यात सव्वा इंच लूज, म्हणजे पावणेअकरा. पुढच्या भागाला पावणेअकरा, पाठीच्या अर्ध्या भागाला पावणेअकरा. हिशेबाने शर्ट ४३ चा व्हायला हवा होता.

मुलगा हिरमुसला आहे. त्याला नेमकं कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवायचंय. "लक्ष देऊन कर" म्हणून शिकवता येत नाही, त्याने लक्ष देऊनच केलं होतं. तुम्ही शिकाऊंचं काम कोणत्या टप्प्यावर आणि कसं तपासता?

धावदोरा

चूक मापातच आहे. छाती घेताना टेपच्या आत दोन बोटं घालायची असतात. तुमच्या मुलाने टेप अंगाला चिकटवून घेतला असणार आणि तुम्हीही तसाच घेतलात, म्हणून दोघांचं ३८ आलं. दोन बोटं घातली असती तर ३९ आलं असतं आणि शर्ट बसला असता. मी बारा वर्षं असंच घेतोय, कधी तक्रार नाही. मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवा.

सुईधागा

मला अगदी हाच त्रास होतो! फक्त माझ्याकडे गळ्याला होतो. मी घरीच शिवते. कॉलर मोजून बरोबर कापते आणि लावायला घेतली की गळा कॉलरपेक्षा मोठा भरतो. मग कॉलर ओढून लावली की गळ्याभोवती चुण्या येतात. कागदावर गळा बरोबर असतो, मी दोनदा मोजते. मग ही चूक मापाची समजायची का?

मोजपट्टी

धावदोरा, इथे थोडं थांबा. बोटं घालून ३९ घ्यायचे आणि वर चौथ्या भागात सव्वा इंच लूजही द्यायचा, म्हणजे लूज दोनदा धरला जातो. तुमचे शर्ट बसतात कारण तुमच्या आखणीत लूज कमी असेल, चौथ्या भागाला एक इंच वगैरे. तुमच्या पद्धतीत ते जुळतं. पण एका मुलाने बोटं घातली, दुसऱ्याने नाही आणि दोघांनी तोच हिशेब लावला, तर दोन शर्टांत इंचाचा फरक पडेल.

मी वर्गात चपटा टेप शिकवते. टेप काखेखालून, पाठीमागे खवाट्यांच्या उंच भागावरून आणि पुढे छातीच्या भरीव भागावरून, जमिनीला समांतर. टेप फिरवताना माणूस हात वर करतो, पण आकडा हात खाली सोडल्यावरच वाचायचा. श्वास रोखून उभे राहणारे फार असतात. त्यांच्याशी काहीतरी बोलायचं, ते उत्तर द्यायला लागले की श्वास आपोआप सुटतो आणि तेव्हा आकडा बघायचा.

जुनाखडू

काजबटण, अंदाज बांधत बसू नका. शर्ट तयार आहे ना, मग त्यालाच विचारा. सगळी बटणं लावा, शर्ट टेबलावर सपाट पसरा, हाताने ओढू नका. मग तीन मापं घ्या आणि इथे लिहा.

पहिलं, काखेपासून काखेपर्यंत आडवं. दुसरं, शर्ट पालथा करून फक्त पाठ, एका बाजूच्या शिलाईपासून दुसऱ्या बाजूच्या शिलाईपर्यंत. तिसरं, पुढचा एक भाग, बाजूच्या शिलाईपासून बटणाच्या मध्यापर्यंत. तिन्ही काखेच्या खाली एकाच पातळीवर घ्या.

पाठीला मध्ये प्लेट घातली आहे का तेही सांगा.

काजबटण

मास्तर, प्लेट नाही, साधी पाठ आहे. काखेपासून काखेपर्यंत सव्वावीस, म्हणजे पूर्ण शर्ट साडेचाळीस. पाठ एकटी २१. पुढचा भाग बटणाच्या मध्यापर्यंत पावणेदहा, दोन्हीकडे तेवढाच.

म्हणजे ४३ पैकी अडीच इंच गेले कुठे हा प्रश्न आहे.

जुनाखडू

आता बघा, शर्टाने सांगितलं. पाठ साडेएकवीस हवी होती, ती २१ आहे. अर्धा इंच कमी. पाठीला दोनच बाजू असतात, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन सूत शिलाईत जास्त गेले आहेत. आता पुढचा भाग. तो पावणेअकरा हवा होता, पावणेदहा आहे, एक इंच कमी. त्यातले दोन सूत बाजूच्या शिलाईने खाल्ले, जसे पाठीचे खाल्ले. उरला पाऊण इंच. तो बाजूला गेलेला नाही, कारण बाजू दोन्हीकडे सारखीच शिवतात. तो पुढे, बटणाच्या बाजूला गेला आहे.

तुमच्या काजपट्टीची रुंदी दीड इंच आहे का? असेल तर उत्तर तिथेच आहे. त्या मुलाला कागद परत कापडावर ठेवायला सांगा, जसा त्याने त्या दिवशी ठेवला होता तसाच. तुम्ही काही बोलू नका, फक्त कागदाची पुढची कड कशावर टेकवतो ते बघा.

काजबटण

मास्तर, पट्टी दीड इंचाचीच आहे. आत्ता त्याला ठेवायला सांगितलं.

त्याने आधी कापडाची पट्टी दुमडली, इस्त्री फिरवली आणि त्या घडीच्या कडेला कागदाची पुढची कड अगदी छान जुळवून ठेवली. कागदाची ती कड म्हणजे शर्टाची मधली रेघ होती. पट्टीचा जो अर्धा भाग मधल्या रेघेच्या पुढे जायला हवा, तो त्याने मागे घेतला. दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण इंच, म्हणजे दीड इंच तिथे गेला. बाजूच्या शिलाईचं विचारलं तर म्हणाला, माया अर्धा इंच धरली होती, पण शिलाई उलटून दुसरी टीप मारायला कापड पुरेना म्हणून पाऊण इंचावर टीप मारली. चार कडांना दोन दोन सूत, तो एक इंच. दीड आणि एक, अडीच.

त्याला कागदावर हिशेब लिहून दाखवला तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. मी कागद तपासला होता आणि माप तपासलं होतं. दोन्हीच्या मधली जागा तपासली नव्हती.

नवीकात्री

मी स्वतः शिकतेय, सहा महिने झाले. एक विचारू का? मधली रेघ पट्टीच्या कडेवर का नसते? आमच्याकडे सरळ "पट्टीसाठी अडीच इंच जास्त सोड" असं सांगतात, का ते सांगत नाहीत.

जुनाखडू

बटणं लावल्यावर डावी पट्टी उजवीवर चढते. दोन्ही भाग एकमेकांवर जिथे जुळतात ती रेघ म्हणजे शरीराची मधली रेघ, आणि बटणं त्या रेघेवर असतात. दीड इंचाच्या पट्टीत बटण मध्ये येतं, म्हणून रेघेच्या पुढे पाऊण इंच आणि मागे पाऊण इंच. छातीचं माप नेहमी रेघेपर्यंत मोजायचं, कडेपर्यंत कधीच नाही. मग कडेपर्यंत पाऊण इंच, आणि त्यापुढे आत दुमडायचं कापड वेगळं. पट्टी आत दुमडून घ्यायची असेल तर दीड इंच आणि वर टोक मोडायला दोन सूत, म्हणजे रेघेपासून एकूण अडीच इंच. तुम्हाला सांगितलेला आकडा हाच आहे.

काजबटण, मुलांच्या कागदावर मधली रेघ आखली की पुढचा पाऊण इंच कागदातच घ्यायला लावा. रेघेवर कागद कापून ठेवला की ही चूक होणारच, कारण घडीला कड जुळवणं हाताला स्वाभाविक वाटतं. रेघ कागदाच्या आत असेल आणि तिच्यावर "मध्य" असं लिहिलेलं असेल तर ती कशालाही टेकवता येत नाही.

मोजपट्टी

शिलाईची मायाही कागदातच घ्यावी असं माझं मत आहे. एका कागदावर माया असलेली कड आणि आत तुटक रेघेने टीप कुठे पडेल ती, दोन्ही. म्हणजे मुलगा पाऊण इंचावर टीप मारायला गेला तर त्याला रेघ दिसेल आणि तो विचारेल.

जुनाखडू

माझं याबाबत वेगळं आहे. माया कापडावर खडूनेच घ्यावी, कागद नेमका ठेवावा. कापडाप्रमाणे आणि शिलाईच्या प्रकाराप्रमाणे माया बदलते, दर वेळी नवा कागद कोण काढणार? पण शिकाऊंसाठी मोजपट्टी ताईंचं पटतं, निदान पहिले दहा शर्ट.

आणि खडूची धार. बोथट खडूची रेघ एक सूत जाड असते. एक जण रेघेच्या बाहेरून कापतो, एक आतून. चार भागांच्या आठ कडा धरल्या तर एक एक सूत मिळून पूर्ण इंच होतो. रोज सकाळी खडू घासून घ्यायला लावा.

सुईधागा

माझ्या गळ्याचं राहिलंच. कुणी सांगेल का?

जुनाखडू

सांगतो ताई, तुमचा प्रश्न याच चुकीचा भाऊ आहे. तुम्ही गळा कागदावर साडेपंधरा मोजता, तो टीप पडेल त्या रेघेवर, की कापायच्या कडेवर?

सुईधागा

कापायच्या कडेवर. कागद कापून मग त्या कडेवर टेप उभा धरून फिरवते.

जुनाखडू

बस, तिथेच. कडेवर साडेपंधरा असेल आणि तुम्ही पाव इंच आत टीप मारली, तर टीपेच्या रेघेवर गळा साडेपंधरा राहत नाही. गोलाकार गोष्टीला सगळीकडून पाव इंच सरकवलं की घेर जवळजवळ दीड इंचाने वाढतो. बाजूच्या सरळ शिलाईत पाव इंच चुकला तर पाव इंचच चुकतो, गळ्यात पाव इंच चुकला तर दीड. म्हणून कॉलर लहान वाटते.

गळा टीपेच्या रेघेवर आखा. तिथे मोजा, टेप उभा धरून, तुम्ही धरता तसाच, ते बरोबर आहे. अर्ध्या शर्टावर पुढचा गळा आणि पाठीचा गळा मिळून पावणेआठ भरला पाहिजे. मग त्या रेघेच्या आत, मानेकडे, पाव इंच माया ठेवून कापा. कापलेलं भोक डोळ्याला लहान वाटेल, मान जाईल की नाही अशी शंका येईल. घाबरू नका, टीप मारली की ते उघडतं.

आणि कापलेला गळा लगेच टिपून घ्या, धावदोऱ्याने किंवा एक टीप टाकून. तिरक्या कापडावरची गोलाई हाताळताना ताणली जाते आणि मग आखणी कितीही बरोबर असो, कॉलर कमीच पडते.

सुईधागा

एवढी साधी गोष्ट. मी दर वेळी गळा अजून खोल करत होते, कारण कापल्यावर लहान वाटायचा. आता जुना कागद काढून बघते.

धावदोरा

ठीक आहे, मापाबाबत मी घाईने बोललो, इथे माप चुकलं नव्हतं. पण माझं म्हणणं अजून आहे की शिकाऊंचं माप तपासायची सोय हवी. माझ्याकडे मुलं शोल्डर आणि बाही वेगवेगळी घेतात आणि मग मानेच्या मागच्या मध्यापासून, खांद्यावरून, मनगटापर्यंत एकच लांब माप घेतात. ते अर्धा शोल्डर अधिक बाही एवढं आलं पाहिजे. काजबटणांच्या मापात पावणेनऊ आणि २४, म्हणजे पावणेतेहेतीस. दोन सुतांपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा माप. हे केलं की शोल्डर आणि बाही कधीच चुकत नाहीत.

मोजपट्टी

हे माप घ्यावंच, मीही घेते. पण "कधीच चुकत नाही" हे बरोबर नाही. मुलाने खांद्याचं हाड अर्धा इंच बाहेर धरलं, दंडावर, तर अर्धा शोल्डर अर्ध्या इंचाने वाढेल आणि बाही अर्ध्या इंचाने कमी होईल. बेरीज तीच. लांब माप अगदी जुळेल आणि शर्टाचा खांदा मात्र दंडावर लोंबेल. ही तपासणी चुकीचं वाचन पकडते, चुकीची जागा पकडत नाही.

जागेसाठी मी वेगळं करते. हात बाजूला थोडा वर करायला लावला की खांद्याच्या टोकाशी, हाडाच्या कडेला एक खळगा बोटाला लागतो. तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, हात खाली सोडायला सांगायचं आणि मग सगळी मापं त्या तुकड्यापासून घ्यायची. दुसऱ्या मुलाने आधीचा तुकडा काढून, न बघता स्वतःचा तुकडा लावायचा. दोघांच्या जागेत बोटभर फरक असेल तर मी तिसऱ्यांदा स्वतः बघते.

धावदोरा

खरं आहे, बेरजेचा हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. चिकटपट्टी उद्यापासून सुरू करतो.

नवीकात्री

माझी एक चूक सांगते, कदाचित कुणाच्या कामी येईल. आमच्याकडे एक जण माप घेतो आणि दुसरा वहीत लिहितो. मी लिहीत होते. मास्तरांनी "शोल्डर पावणेअठरा" सांगितलं आणि मी १८ च्या पुढे तीन रेघा काढल्या, म्हणजे वहीत पावणेएकोणीस झालं. शर्ट शिवून झाल्यावर खांदे उतरलेले दिसले. कुणाच्याच लक्षात येईना, कारण मास्तरांना आठवत होतं पावणेअठरा आणि वहीत होतं वेगळंच. धावदोरा म्हणतात ते लांब माप घेतलं असतं तर कळलं असतं का?

धावदोरा

कळलं असतं. बाही किती होती?

नवीकात्री

२४ च.

धावदोरा

मग बघा. खरा अर्धा शोल्डर आठ इंच सात सूत, त्यात २४, म्हणजे ३२ इंच सात सूत. तुमच्या वहीतला शोल्डर धरला तर अर्धा नऊ इंच तीन सूत, बेरीज ३३ इंच तीन सूत. अंगावरचं लांब माप ३२ इंच सात सूतच आलं असतं. चार सुतांचा फरक लगेच दिसला असता.

जुनाखडू

"पावणे" ने किती कापड वाया गेलंय त्याला हिशेब नाही. आमच्याकडे लिहिणाऱ्याने आकडा परत मोठ्याने म्हणायचा, पण त्याच शब्दात नाही. मी "पावणेअठरा" म्हटलं तर त्याने "सतरा इंच सहा सूत" म्हणायचं. शब्द बदलला की अर्थ तपासला जातो, तोच शब्द परत म्हटला तर फक्त कान तपासला जातो.

काजबटण

हे सगळं वाचून कालच एक गोष्ट करून बघितली. तिघांनाही एकाच माणसाची छाती घ्यायला लावली, प्रत्येकाने वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची, एकमेकांचं बघायचं नाही. आकडे आले ३८, सव्वाअडतीस आणि ३९. ३९ वाली मुलगी. तिला परत घ्यायला लावून मी बाजूने उभा राहिलो. पुढून टेप सरळ होता, पण ती उंचीने लहान असल्यामुळे मागे टेप खाली घसरला होता, दोन बोटं तरी. तिला पुढून दिसतच नव्हतं. आता माप घेताना माणसाच्या मागे आरसा ठेवतोय. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिचंही ३८ आलं.

दुसरं म्हणजे तिचा टेप जुना निघाला. स्टीलच्या पट्टीवर लावून बघितला तर ३६ इंचांना दोन सुतांनी ताणलेला. तो फेकून दिला.

मास्तर, आता मुंढा आणि बाहीचं विचारतो. नव्या कागदात मी मुंढ्याची खोली छातीच्या चौथ्या भागाएवढी, साडेनऊ घेतली. पुढच्या आणि पाठीच्या मुंढ्याची गोलाई मोजली तर साडेनऊ आणि सव्वानऊ, एकूण पावणेएकोणीस. बाहीचा गोल सव्वाएकोणीस भरतोय. हे चालेल?

जुनाखडू

चालेल. अर्धा इंच जास्त आहे. शर्टाची बाही शर्ट सपाट ठेवून लावतात, त्यात अर्धा इंच सहज जिरतो. एक इंच झाला असता तर बाहीच्या डोक्यावर चुण्या आल्या असत्या, आणि बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा लहान भरला असता तर हात पुढे करताच पाठ ओढली गेली असती.

पण नुसती बेरीज बघू नका. कागदावर बाहीची कड मुंढ्याच्या कडेवर उभी करून, काखेपासून थोडं थोडं सरकवत वरपर्यंत चालवून न्या, टीपेच्या रेघेवरच. पुढून चालवत खांद्याच्या शिलाईपाशी पोचलात की बाहीवर एक खाच करा. मग पाठीकडून चालवत या आणि तिथेही खाच करा. दोन खाचांमध्ये जो अर्धा इंच उरेल तो तुमचा जास्तीचा भाग, आणि तो बाहीच्या डोक्याशीच उरला पाहिजे. खाच मध्यापासून एकीकडे फार सरकलेली निघाली, तर पुढचा आणि मागचा गोल उलटा आखला गेलाय. शिकाऊंकडून हे बरेचदा होतं, कारण पुढचा गोल जास्त खोल असतो हे त्यांना माहीत असतं, पण बाही उलटी ठेवली की पुढचं कुठलं ते विसरतं.

मोजपट्टी

छातीच्या चौथ्या भागाबद्दल मला शंका आहे. ३८ ला साडेनऊ ठीक येतं. पण ४६ छातीला साडेअकरा येतं, ते फार खोल आहे. मुंढा खोल झाला की हात वर केल्यावर अख्खा शर्ट वर येतो. छाती वाढते तशी माणसाची काख तेवढी खाली जात नाही. मी आठवा भाग अधिक पावणेपाच घेते. ३८ ला ते साडेनऊच येतं, ४६ ला साडेदहा.

जुनाखडू

मी चौथाच भाग घेतो आणि ४२ च्या पुढे नजरेने कमी करतो. नजर शिकाऊंना देता येत नाही, हे मान्य. पण ३२ छातीला तुमच्या हिशेबाने पावणेनऊ येतं, ते मला सडपातळ मुलासाठी जरा खोल वाटतं. चौथ्या भागाने ८ येतं.

मोजपट्टी

३२ ला ८ मध्ये हात हलवताना काख कापते, माझा अनुभव तसा आहे. आणि अंगात वाक असलेल्या माणसाला दोन्ही हिशेब चुकतात. पाठ वाकलेली असेल तर पाठीचा मुंढा जास्त लागतो, पुढचा कमी.

धावदोरा

मी तर अंगावरूनच घेतो. काखेत पट्टी आडवी धरायची आणि मानेपासून पट्टीपर्यंत मागून मोजायचं. हिशेबाची गरजच नाही.

मोजपट्टी

घ्या, पण पट्टी किती वर दाबली यावर अर्धा इंच हलतो. तुमच्या दोन मुलांना एकाच माणसावर घ्यायला लावा आणि आकडे इथे टाका.

सुईधागा

जुना कागद बघितला. टीपेच्या रेघेवर गळा १७ भरला. साडेपंधराची कॉलर त्यावर ओढून लावत होते, दोन वर्षं. काल नवा गळा टीपेच्या रेघेवर पावणेआठ आखून कापला, मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे लगेच एक टीप टाकली. कॉलर एकदाही न ओढता बसली.

काजबटण

मोठ्या मुलाने तेच माप घेऊन दुसरा शर्ट पूर्ण केला. मधली रेघ कागदाच्या आत, पाऊण इंच पुढे. या वेळी पाऊण इंच माया धरली आणि टीपही पाऊण इंचावरच मारली. बटणं लावून सपाट पसरला. पाठ साडेएकवीस. पुढचे भाग बटणापर्यंत पावणेअकरा आणि दहा इंच पाच सूत. उजव्या भागाचा एक सूत कुठे गेला ते त्यानेच शोधलं, बटण रेघेपासून एक सूत बाजूच्या शिलाईकडे लागलं होतं. ते काढून परत लावलं.

मुंढ्याचं मात्र माझं ठरत नाहीये. ४६ छातीचं एक माप समोर आहे. जुन्या चादरीच्या कापडात डावा मुंढा साडेअकरा आणि उजवा साडेदहा खोल असा एकच कच्चा शर्ट शिवून घेतोय. त्या माणसाला एकेक हात डोक्यावर न्यायला सांगून कोणत्या बाजूची खालची कड किती उचलली जाते ते तिघं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहितील. आकडे आले की टाकतो.

मोजपट्टी

बाह्याही लावा, नुसत्या मुंढ्यावर कळणार नाही. आणि दोन्ही बाह्यांचा गोल आपापल्या मुंढ्याप्रमाणे वेगळा काढा.

काजबटण

हो, दोन वेगळे कागद काढले आहेत.